ताटावरून उठलेला माणूस

अजितचा फोन आला तेव्हा मी तिसरीच्या वर्गात हातच्याच्या बेरजा शिकवत होते. शाळेच्या वेळात अजित कधी फोन करत नाही, म्हणून खडू ठेवून व्हरांड्यात आले. "वहिनी, दिलीपला दवाखान्यात आणलंय. आष्ट्याजवळ एका गोठ्यात गाय तपासत होता, छातीत कळ आली आणि तिथंच खाली बसला. तुम्ही या. प्राजूला पण बोलवून घ्या... सहीला नात्यातलं माणूस पाहिजे म्हणतायत." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. सातारा ते सांगली अडीच तास. मी कऱ्हाडच्या पुढे असतानाच दिलीप गेला होता, हे मला पोहोचल्यावर कळलं.

डॉक्टर सहीसाठी थांबले नव्हते, त्यांनी करायचं ते सगळं केलं होतं. पण माणूस गेल्यावर कागद लागतातच. काउंटरवरच्या बाईंनी मला विचारलं, "आपण कोण त्यांच्या?" मी म्हटलं, "आधीची बायको." "आणि हे?" अजित म्हणाला, "मित्र." बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचंही चूक नव्हतं. "तसं नको ओ, रक्ताचं कोण हाय का?" एकीनं त्या माणसाबरोबर वीस वर्षं संसार केला होता, दुसऱ्यानं पाच वर्षं त्याला सकाळचा चहा करून दिला होता, आणि दोघांपैकी कुणाचीच सही चालत नव्हती. शेवटी पुण्याहून आमची लेक प्राजक्ता आली आणि तिनं सही केली. चोवीस वर्षांची पोर. मला मात्र राग येत होता. दिलीपचा, अजितचा, त्या पेनचा... सगळ्याचाच. आज दीड महिना झाला, तो राग अजून पुरता गेलेला नाही. म्हणूनच लिहायला बसलेय.

हे छापायला देऊ का, असं प्राजक्ताला विचारलं, अजितला विचारलं. सासूबाईंना वाचून दाखवलं. सगळे हो म्हणाले. दिलीपला विचारता येत नाही, पण न विचारता दुसऱ्याचं खरं चारचौघांत बोलून टाकायचा मान आमच्या घरात त्यानं आधीच पटकावलेला आहे. ते पुढे येईलच. नावं मी बदलली आहेत.

दिलीप पशुधन पर्यवेक्षक होता. लोक डॉक्टरच म्हणायचे आणि तो दर वेळी सांगायचा, "आवं, मी डॉक्टर न्हाई." वडूजकडचा, कोरडवाहू गावातला. आमचं लग्न झालं तेव्हा तो सव्वीसचा होता, मी तेवीसची. आईनं रुखवतात दोन शिसवी पाट दिले होते, कडेला पितळी फुल्या बसवलेले. जेवायला आम्ही टेबलावरच बसायचो, पण दिलीपला त्यातला एक पाट फार आवडला. रोज सकाळी तो दारात घ्यायचा, त्यावर बसून गमबूट चढवायचा आणि संध्याकाळी त्यावरच बसून काढायचा. आई बघून म्हणायची, "शिसवाचा पाट बुटाला! जावईबापू, शोभतं का?" तो हसायचा. लय गोड हसायचा, हे मला मान्य केलंच पाहिजे.

नवरा म्हणून त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती. दारू नाही, हात उचलणं नाही. प्राजक्ताच्या वेळी मी आजारी पडले तर माझी केसं विंचरून द्यायचा. बाकीचं म्हणाल तर... सणासुदीला गोडधोड करावं तसं होतं ते, करायला हवं म्हणून केलेलं. प्राजक्ता झाल्यावर तेही विरळ होत गेलं. बायका याबद्दल बोलत नाहीत, मीही बोलले नाही. मी आरशात बघायची. वजन उतरवलं, थायरॉईड तपासलं, केस कापले, साताऱ्याच्या दुकानातून लाजत लाजत एक झिरझिरीत गाऊन आणला. तो म्हणाला, "चांगला हाय की," आणि कूस बदलून झोपला. तो गाऊन मी दुसऱ्या दिवशी फाडून पुसायला घेतला. पंधरा वर्षं मी असं धरून चालले होते की कमी आहे ती माझ्यातच. हे वाक्य नीट वाचा. या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात मोठं नुकसान कोणतं, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

त्याची आष्ट्याला बदली झाली तेव्हा तो त्रेचाळीसचा होता. तिथं खोली घेतली, बुटाचा पाटही तिकडं नेला, शनिवारी साताऱ्याला यायचा. वर्षभरात माणूस बदलला. धड जेवेना, बोलेना, फोन उपडा ठेवायला लागला. मी ओळखलं, बाई आहे. एका रविवारी दुपारी मी मेथी निवडत बसले होते, प्राजक्ता क्लासला गेलेली. तो समोर येऊन बसला आणि म्हणाला, "शोभा, मला तुला एक सांगायचंय. मला बायकांचं आकर्षण न्हाई. पुरुषांचं हाय." मी मेथी निवडतच राहिले. अख्खी जुडी निवडून झाली, मग काड्याही बारीक बारीक खुडत बसले. बाई असती तर भांडता आलं असतं हो! तिच्या दारात जाऊन झिंज्या उपटल्या असत्या. याच्याशी भांडायचं कसं?

मग भांडले. "अठरा वर्षं फसवलंस मला!" आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरेतुरे केलं. तो म्हणाला, "तुला फसवलं हे खरं. पण मीच मला वळखलं नव्हतं गं." त्याचं म्हणणं असं, की गावात याला शब्दच नव्हता. जे होते त्या शिव्या होत्या, आणि त्या शिव्यांतला माणूस आपण नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरुणपणी मित्रांकडे बघून जे व्हायचं ते सगळ्यांचंच होत असेल, लग्न झालं की जाईल, असं वाटलं. गेलं नाही, तेव्हा कामात डोकं घातलं. आष्ट्याला पशुखाद्य विकायला सांगलीहून एक माणूस यायचा, अजित. जैन घरातला, बिनलग्नाचा, मितभाषी. त्याच्या मोटारसायकलचा आवाज ऐकू आला की आपण पाटावरून उठून उभे राहतो, हे दिलीपच्या एक दिवस लक्षात आलं. एवढंच. त्रेचाळिसाव्या वर्षी एवढ्यावरून त्याला सगळं उमगलं, आणि तो घाबरला. अजितला काहीच बोलला नाही. एका गावठी इलाजवाल्यानं चूर्णं दिली, ती दोन महिने खाल्ली. पोट बिघडलं, बाकी काही नाही. मग फोनवरून ओळख काढून पुण्यात एका अनोळखी माणसाला एकदा भेटला. परत येताना गाडीत त्याला भीतीनं घेरलं, आणि दुसऱ्या दिवशी सांगलीतल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेला. तिथं नावही खोटं सांगितलं.

त्या डॉक्टरांना मी पुढे भेटले, म्हणून मला ठाऊक आहे ते काय म्हणाले. हा आजार नाही, याला औषध नाही, आणि बदलून देतो म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. औषध आहे ते तुमच्या झोपेला आणि मरायच्या विचारांना. हो, तेही विचार होते. गोठ्यातल्या औषधांच्या पेटीची किल्ली त्यानं शिपायाकडे देऊन ठेवली होती. बायकोला सांगायचं की नाही हे मी ठरवणार नाही, डॉक्टर म्हणाले, पण तिच्या अंगाला धोका पोहोचेल असं काही तिच्यापासून लपवायचा तुम्हाला हक्क नाही. म्हणून त्यानं पुण्याचंही सांगितलं. मी शिव्या दिल्या आणि म्हटलं, उद्या रक्त तपासायचं, दोघांचं. आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या समुपदेशक बाईंनी दार लावून दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं, समजावलं आणि नीट सांगितलं, की आज काही निघालं नाही तरी तीन महिन्यांनी पुन्हा या, तोवर सांभाळून राहा. सांभाळायला आमच्यात उरलं काय होतं! पण ते तीन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. मुलांच्या वह्या तपासताना आकडे दिसायचे नाहीत. दुसऱ्यांदाही दोघांचं काही निघालं नाही. रिपोर्ट हातात घेऊन दिलीप बाकावर बसून रडला, आणि मी त्याला सोडून एकटीच चालत स्टँडवर आले.

डॉक्टरांनी मला एकटीला बोलावलं होतं. मी त्याचंच सांगायला लागले. तो असा, त्याचं तसं, लेकीला काय सांगू, सासूला काय सांगू. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तुमचं काय?" उत्तर घरी येऊन चार दिवसांनी आलं. मला माझ्याकडे ओढीनं बघणारं माणूस हवं होतं, आणि ते याच्याकडून कधीच मिळणार नव्हतं. दिलीपचं मत होतं की एकत्र राहू, बहीणभावासारखं. प्राजक्ताचं लग्न व्हायचंय, आई म्हातारी आहे, मी वेडंवाकडं वागणार नाही. त्याच्या दृष्टीनं हा त्याग होता. मी म्हटलं, तुझ्या त्यागात मी का जळू? शेवटी ठरलं ते असं: प्राजक्ताची बारावी होईपर्यंत कुणाला काही कळू द्यायचं नाही, त्यानंतर वेगळं व्हायचं. आणि माझ्या माहेरी काय सांगायचं, कधी सांगायचं, ते मी ठरवणार. त्यानं मान डोलावली होती. डोलावली होती की नाही, दिलीप?

बारावीच्याच वर्षी अधिक महिना आला. माझा भाऊ सुभेदार होऊन निवृत्त झालेला, खंडाळ्याकडं गावी असतो. त्याचा मुलगाही फौजेत. त्याला बर्फात अपघात झाला होता, त्यातून वाचला, तेव्हा वहिनी नवस बोलली होती की अधिकात मेहूण जेवू घालीन. मेहूण म्हणजे नवरा-बायकोचं जोडपं. त्यांना लक्ष्मी-नारायण मानून पाय धुवायचे, ओटी भरायची, पोटभर जेवू घालायचं. आमच्या अख्ख्या भावकीत मेहूण म्हटलं की शोभा आणि दिलीप. भांडण नाही, तंटा नाही, नवरा कामात हातभार लावतो. वीस वर्षांत आम्ही किती घरची पुरणपोळी खाल्ली असेल! वहिनीचा फोन आला, "वन्सं, तुमच्याबिगर माझा नवस पुरा व्हायचा न्हाई. तुमचं पाट पण आना, आपल्या आत्याबाईंच्या हातचं हायेत." दिलीप म्हणाला, "मी येणार न्हाई. माझा देवावर इस्वास न्हाई, पण तिचा हाय ना? पोराच्या जिवाचा नवस हाय. तिथं खोटं मेहूण हून कसं बसायचं?" मी म्हटलं, "वीस वर्षं बसलास ते?" तो म्हणाला, "तवा म्हाईत नव्हतं." मी ऐकलं नाही. नाही गेलो तर लोक विचारतील, ही माझी भीती. मी त्याला अक्षरशः ओढून नेलं. ही माझी चूक, आणि ती मी आज इथं कबूल करते.

पाट मांडले, भोवती रांगोळी काढली. वहिनीनं परातीत कोमट पाणी घेतलं. माझे पाय धुतले, पदरानं पुसले. त्याच्या पायाला हात लावला तशी त्यानं पाय मागं घेतले. "वहिनी, नगा." तिला वाटलं लाजतोय. "आवं, आज तुमी नारायन हाय! लाजताय काय?" सगळे हसले. तिनं पाय धुतले, कुंकू लावलं, हातात टोपी-टॉवेल दिला आणि वाकून त्याच्या पायावर डोकं टेकवलं. त्याचा चेहरा मी बघितला आणि मला कळलं आता हा काहीतरी करणार. ताट वाढलं. पुरणपोळी, कटाची आमटी, अनारसे. त्यानं एक घास घेतला, तो गिळता आला नाही... आणि तो उठला. ताटावरून उठला! नवसाच्या मेहुणातला नारायण ताट टाकून परसात निघून गेला. वहिनीनं तोंडाला पदर लावला. भाऊ त्याच्या मागं गोठ्याकडं गेला, आणि तिथं गाईच्या दावणीपाशी दिलीपनं माझ्या भावाला सगळं सांगून टाकलं. सगळं. मला न विचारता.

भावाचा मोठा आवाज माजघरात आम्हा सगळ्यांना ऐकू आला. हात उचलला होता त्यानं, पण मारलं नाही. आत आला तो पांढराफटक होऊन. "शोभा, तू हितंच ऱ्हा. त्यो जाईल." माझ्या आईसमोर, वहिनीसमोर, शेजारच्या दोन बायकांसमोर... मी काय सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं याची दीड वर्षं मनात जुळवाजुळव करत होते. एका क्षणात मी कीव करायची बाई झाले. दिलीपनं आपलं ओझं उतरवलं आणि माझ्या डोक्यावर ठेवून गाडी चालू केली. कुणी म्हणेल, किती हिमतीचा माणूस. असेलही. पण त्या दिवशी त्याच्या खरेपणाची किंमत मी मोजली, आणि आठ महिने मी त्याच्याशी कामापुरतंही धड बोलले नाही. एक पाट मी घेऊन आले होते, एक तो गाडीत टाकून घेऊन गेला होता. ती आमची वाटणी.

बारावी झाली. प्राजक्ताला आम्ही दोघांनी समोर बसवून सांगितलं. ती म्हणाली, "मला दोन वर्षांपासून वाटतच होतं काहीतरी. मला वाटलं, तुम्हाला मी नकोय." पोरीला आम्ही परीक्षेपासून वाचवत होतो, आणि ती दोन वर्षं भलतंच मनात धरून परीक्षा देत होती. वर्षभर वेगळं राहिल्यावर दोघांच्या संमतीनं घटस्फोटाचा अर्ज केला, आणखी सहा महिन्यांनी निकाल लागला. कोर्टात कारण काय सांगायचं, तर पटत नाही एवढंच. वकीलच म्हणाले, एवढं पुरतं. पण वडूजला सासूबाईंना ते पुरलं नाही. "हिनंच माझ्या पोराला घालवलं, शाळामास्तरीन हाय न्हवं, लय शानी," असं त्या गावभर सांगत फिरल्या. मी गप्प बसले. त्यांचं वय, त्यांची तब्येत... मी कशाला सांगू?

हे दिलीपच्या कानावर गेलं. एक दिवस तो साताऱ्याला माझ्या दारात आला, आत न येता उभा राहिला. "शोभा, मला आईला सांगायचंय. तुझ्यावर आळ नगं. पन या वेळी तुला विचारून. सांगू का?" आणि मग म्हणाला, "त्या दिवशी तुझ्या भावाला सांगितलं, ती लय मोठी चूक झाली. माझ्या गळ्यात घास अडकला हुता, म्हणून तुझा गळा आवळला मी." दोन वर्षं मी याच वाक्याची वाट बघत होते. मी म्हटलं, "सांग. पण मी बरोबर येणार." वडूजला ओट्यावर सासूबाई मटकी पाखडत होत्या. तो त्यांच्या पायाशी बसून म्हणाला, "आई, शोभाचा काय दोष न्हाई. मी आसा हाय." काय, कसं, ते त्यानं साध्या शब्दांत सांगितलं. त्या पाखडत राहिल्या. बऱ्याच वेळानं सूप खाली ठेवून मला म्हणाल्या, "तुला ठावं हुतं, आनि तू माझ्या शिव्या खाल्ल्यास व्हय?" लेकाशी त्या दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत. मला मात्र आठवडाभरात एस्टीनं मटकीचं गाठोडं आलं, आणि दर हंगामात येत राहिलं.

त्यानंतरच दिलीप अजितशी बोलला, आधी नाही. एवढं मी त्याच्या बाजूनं नक्की लिहीन. सांगलीत विश्रामबागेकडं दोन खोल्यांत ते राहायचे, घरमालकाला मित्र म्हणून सांगितलेलं. कधी प्राजक्ताबरोबर जायची मी. अजित जैन, सूर्यास्ताआधी जेवणारा, कांदा-लसूण न खाणारा. दिलीपला लसणाच्या चटणीशिवाय घास उतरायचा नाही, पण पठ्ठ्या पाच वर्षं तसाच जेवला. माझ्यासाठी कधी मीठ कमी घालून खाल्लं नाही! मी तसं बोलून दाखवलं, तर दोघं खळखळून हसले. मला आनंद झाला, आणि त्याच वेळी हेवाही वाटला. दोन्ही खरं. मला अजून ओढीनं बघणारं माणूस मिळालेलं नाही. मिळेल न मिळेल. पण आरशात बघून मी आता कमी शोधत नाही.

अंत्यविधीला माझा भाऊ आला होता. स्मशानाच्या फाटकापाशी उभा राहिला, आत आला नाही, पण सगळं होईपर्यंत गेलाही नाही. अजित गर्दीत शेवटी उभा होता. त्याला कुणी जवळ घेतलं नाही, कारण तो कोण हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्याला पुढे बोलवायला हवं होतं, ते मला सुचलं नाही. हीच टोचणी मला रोज लागते.

गेल्या रविवारी अजित साताऱ्याला आला. दिलीपचे कपडे, चष्मा, गमबूट, आणि पाट घेऊन. पितळी फुल्यांतली एक गळालेली, मधे बुटांचे ओरखडे. "हा तुमच्या आईचा. तुमच्याकडे असावा," म्हणाला. दुपार झाली होती. मी माझा पाट आतून काढला, त्या मेहुणानंतर, सात वर्षांत पहिल्यांदा दोन्ही शेजारी मांडले. बिनलसणाची आमटी केली, पुरणपोळी केली. दुःखात पुरण करतात का, हा विचार मनात आला, पण केलं. अजित दारातच घुटमळला. "वहिनी, या पाटावर मी कसा बसू?"

"बस," मी म्हटलं. "आणि ताटावरून उठायचं नाही."

तो बसला. रडत रडत जेवला, पण सगळं जेवला. शेजारच्या पाटावर मी बसले. ताट संपल्यावर त्यानं विचारलं, गमबूट कुठं ठेवू? मी म्हटलं, दारात. तिथंच असायचे.